समकक्षतेच्या दप्तरातील काही वर्षे

एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पूर्वी मुख्यतः दोनच कागद असत : गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र. पात्रता विभागातील कारकून त्यांवर नजर टाकी, मान्य परीक्षांच्या यादीत ती परीक्षा आहे की नाही एवढे पाही आणि त्यानुसार अर्ज मंजूर वा नामंजूर होई. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचा प्रश्न दीर्घकाळ ज्या संस्थेकडे जात आला, ते १९२५ साली स्थापन झालेले आणि १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखले जाणारे आंतरविद्यापीठ मंडळही अखंड पदवीचाच विचार करी. वार्षिक परीक्षांच्या त्या युगात तुलनेचे माप एवढे मोठे होते, की त्याच्या पोटात काय आहे हे उघडून पाहण्याची आवश्यकता कोणाला क्वचितच वाटे.

सत्रपद्धती आली, तिच्यामागोमाग श्रेयांक आले, आणि २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केल्यावर तुलनेचे माप वर्षावरून एकेका विषयपत्रिकेवर उतरले. व्याख्यानाचे सुमारे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे मात्र तीस तास म्हणजे एक, हा सर्वसाधारण हिशेब होता. तो सरळ दिसत असल्यामुळे आमच्यापैकी अनेकांची अशी समजूत झाली, की आता काम केवळ बेरीज-वजाबाकीचे उरले. ती समजूत किती अपुरी होती हे मला ज्या एका प्रकरणाने शिकविले, ते मी येथे सविस्तर सांगतो.

२०१८ च्या जुलै महिन्यात, विदर्भातील एका विद्यापीठात बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण केलेला गणिताचा एक विद्यार्थी, वडिलांची बदली झाल्यामुळे, आमच्याकडे पाचव्या सत्रात प्रवेश मागण्यास आला. त्याच्या गुणपत्रकात ‘आव्यूह-सिद्धान्त’ नावाची तीन श्रेयांकांची पत्रिका होती. आमच्याकडे तिच्या जागी ‘रेषीय बीजगणित’ या नावाची चार श्रेयांकांची. नाव निराळे आणि श्रेयांक कमी, म्हणून छाननीतच तिच्यासमोर ‘असमकक्ष’ असा शेरा पडला होता. उलट ‘संख्यात्मक विश्लेषण’ ही पत्रिका दोन्हीकडे त्याच नावाची आणि चारच श्रेयांकांची असल्यामुळे ती निर्विवाद मंजूर झाली होती. आमच्या अभ्यासमंडळाकडे कागद आले तेव्हा या दोन्ही शेऱ्यांची फेरतपासणी करावी लागली, आणि दोन्ही चुकीचे निघाले.

विद्यार्थ्याने सोबत आव्यूह-सिद्धान्ताच्या अभ्यासक्रमाची एक प्रत जोडली होती. तीत चार घटक होते आणि साठ तासांची वाटणी होती. ती वाचून मी पूर्ण चार श्रेयांकांची शिफारस लिहावयास घेतलीही होती. परंतु गुणपत्रकावर तीन आणि प्रतीवर चार, हा मेळ बसेना. पत्रिकेचा सांकेतिक क्रमांकही जुळेना. मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यातील बारीक ओळ वाचली, तेव्हा कळले की ती प्रत जून २०१८ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमाची होती; मुलगा तर परीक्षेस त्याआधीच बसला होता. यात त्याने काही लपविले नव्हते. त्याला जे सहज मिळाले ते त्याने आणले होते. ज्या वर्षी प्रत्यक्ष शिकला त्या वर्षाचाच अभ्यासक्रम, सांकेतिक क्रमांकासह आणि कुलसचिवांच्या शिक्क्यानिशी आणावा, असे त्याला सांगितले, आणि जमल्यास प्रश्नपत्रिका व प्रात्यक्षिकाची वहीही आणावी, अशी पुस्ती जोडली.

तीन आठवड्यांनी ते बाड आले. जुन्या अभ्यासक्रमात पंचेचाळीस तासांचे तीन घटक होते : समीकरण-संहती व आव्यूह, सदिश-अवकाश व त्याची मिती, आणि रेषीय रूपांतरणे व आयगेन-मूल्ये. आमचा चौथा घटक, म्हणजे अंतर्गुणन आणि लंबीकरण, त्यात नव्हता. मात्र तीन घटक कोणत्या पातळीवर शिकविले गेले हे अभ्यासक्रमाची शीर्षके सांगू शकत नव्हती. ते प्रश्नपत्रिकेने सांगितले. केवळ गणन करून घेणारी परीक्षा ‘काढा’ म्हणते. या पत्रिकेतील निम्म्याहून अधिक प्रश्न ‘सिद्ध करा’ म्हणत होते, आणि त्यांत शून्यावकाश व प्रतिमा यांच्या मितींची बेरीज अवकाशाच्या मितीइतकी असते हे प्रमेयही होते. नाव आव्यूहांचे असले तरी आत रेषीय बीजगणितच शिकविले गेले होते.

दुसऱ्या पत्रिकेची कथा उलटी झाली. आमच्याकडील चार श्रेयांकांपैकी दोन व्याख्यानांचे आणि दोन संगणकावरील प्रात्यक्षिकांचे, म्हणजे प्रयोगशाळेतील साठ तासांचे होते. त्याच्याकडील चारही व्याख्यानांचे. वही मागितली तर ती अस्तित्वातच नव्हती. तेव्हा सिद्धान्ताचे दोन श्रेयांक मान्य झाले आणि प्रात्यक्षिकाचे दोन त्याला नव्याने मिळवावे लागले.

एकाच प्रकरणात असे दोन विरुद्ध अनुभव आल्यावर आमच्या अभ्यासमंडळाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न बदलला. ‘ही पत्रिका आमच्यासारखीच आहे काय?’ असे न विचारता आम्ही विचारू लागलो, ‘जे उणे आहे त्यामुळे हा विद्यार्थी पुढच्या पत्रिकेत अडेल काय?’ या मुलाला पाचव्या सत्रात विकलक समीकरणांच्या संहतींसाठी आयगेन-मूल्ये लागणार होती, ती त्याला येत होती. अंतर्गुणनाची गरज सहाव्या सत्रापूर्वी पडणार नव्हती. म्हणून तीन श्रेयांक देऊन त्याला प्रवेश दिला आणि उरलेला एक श्रेयांक पाचव्या सत्रातच तो घटक शिकून, त्याची स्वतंत्र परीक्षा देऊन मिळविण्याची अट घातली. पुढे वाचनात आले, की १९९७ च्या लिस्बन करारात युरोपीय राष्ट्रांनी हेच तत्त्व शब्दबद्ध केले आहे : माहिती पुरविणे अर्जदाराचे काम, पण लक्षणीय फरक आहे हे दाखविण्याचा भार नाकारणाऱ्यावर. भारत त्या करारात नाही. तथापि मला ही वाटणी अत्यंत न्याय्य वाटते.

२०२१ च्या जुलैत आयोगाने शैक्षणिक श्रेयांक-पेढीचे विनियम काढले. त्यांनुसार श्रेयांक सात वर्षांपर्यंत पेढीत राहतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे मिळवावे लागतात. पेढी हा शब्द मात्र फसवा आहे. पेढी श्रेयांक जपते आणि ते खरोखर मिळविल्याची खात्री देते, परंतु ते कशाच्या बदली चालतील हे ठरवीत नाही. तो निर्णय पूर्वीप्रमाणेच अभ्यासक्रम समोर ठेवून अध्यापकांनाच करावा लागतो. श्रेयांकांचे चलनही सर्वत्र एक नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाला चाळीस श्रेयांक आणि बाराशे अध्ययन-तास धरले आहेत, तर युरोपीय पद्धतीत वर्षाला साठ. त्यामुळे जर्मनीस निघालेल्या आपल्या मुलाने येथले चार श्रेयांक तेथे चारच मोजले, तर तो स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण वर्षाच्या प्रमाणात ते सहाच्या जवळ जातात.

विदर्भातून आलेल्या त्या विद्यार्थ्याने त्याच वर्षी नोव्हेंबरात उरलेल्या श्रेयांकाची परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्याचे बाड आम्ही नुसतेच परत केले नाही. त्याच्या संमतीने नकल करून, वर्ष आणि सांकेतिक क्रमांक ठळक लिहून, निर्णयाच्या कारणांसह ती दप्तरी ठेवली. पुढच्याच जुलैत त्याच विद्यापीठातून एक विद्यार्थिनी आली, आणि तिच्या गुणपत्रकावरील वर्ष त्या नकलेशी जुळल्यामुळे, जे प्रकरण पूर्वी तीन आठवडे चालले होते ते एका दुपारी निकालात निघाले.