मोठी घात जिंकते, पण कधी?

दिवाळीत तलवाड्याला घरी होते. सेटची तयारी करणारा मामेभाऊ वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन आला. म्हणाला, "ताई, तो घातांचा नियम चुकतोय बघ." गणित हे होतं:

f(x) = (3x² + 500x) / (x² + 1)

x अनंताकडे जाताना f(x) ची लिमिट काढायची. नियम आपल्याला पाठ असतो. अंशाची सर्वात मोठी घात छेदापेक्षा लहान असेल तर लिमिट 0. दोन्ही सारख्या असतील तर त्यांच्या सहगुणकांचं गुणोत्तर. अंशाची घात मोठी असेल तर किंमत अमर्याद वाढते किंवा घटते. इथे दोन्हीकडे x² आहे, म्हणून उत्तर 3.

पण त्याने x = 100 ठेवलं, तर उत्तर जवळपास 8 आलं. मग चूक कुठंय?

चूक नाहीये. अंश आणि छेद दोन्हींना x² ने भागून बघा:

f(x) = (3 + 500/x) / (1 + 1/x²)

आता नियम का चालतो ते दिसतं. 500/x आणि 1/x² हे दोन्ही शून्याकडे जातात, उरतं 3/1. पण 500/x शून्याकडे जातो म्हणजे तो शून्य झाला असं नाही. x = 100 ला तो अजून 5 आहे! x = 1000 ला तो 0.5 होतो आणि f(x) साधारण 3.5 येतं. x = 1,00,000 ला f(x) जवळपास 3.005.

फरक नेमका मोजायचा तर f(x) मधून 3 वजा करा:

f(x) − 3 = (500x − 3) / (x² + 1)

इथे पुन्हा तोच नियम लावा. मोठ्या x साठी हा फरक साधारण 500/x आहे. तो 0.01 च्या आत यायला x सुमारे 50,000 लागतो. म्हणजे कुठे पोचायचं हे सर्वात मोठी घात सांगते, आणि किती लांब जावं लागेल हे आपण सोडून दिलेलं पद सांगतं.

संशोधनात हे लगेच अंगाशी येतं. एन्झाइमच्या वेगाचं मिकेलिस-मेंटेन समीकरण घ्या:

v = Vmax·S / (Km + S)

अंशात S, छेदातही S, म्हणून लिमिट Vmax. पण S = 10·Km इतकं सबस्ट्रेट घातलं तरी v येतो Vmax च्या 10/11, म्हणजे सुमारे 91 टक्के. 99 टक्क्यांसाठी S = 99·Km लागेल. आलेखाची रेषा आडवी झाल्यासारखी वाटली म्हणून शेवटचा बिंदूच Vmax धरला, तर आकडा कमीच येणार.

भावाला एवढंच सांगितलं, "नियम बरोबर आहे रे, तुझा x च लहान पडला." पुढच्या वेळी लिमिट काढली की उत्तरापुढे उरलेला फरकही लिहून बघा.