त्वचेवरील बधिर चट्टा

महारोग म्हटला कीं झडलेलीं बोटें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ती ह्या रोगाची अखेर होय, आरंभ नव्हे. आरंभ इतका साधा असतो कीं घरच्या माणसांचें तिकडे लक्षहि जात नाहीं.

समजा, मेहकराकडील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला आहे. तो खाजत नाहीं, दुखतहि नाहीं. आई म्हणते, "नायटा असेल." शेजारीण म्हणते, "कोड असेल." परंतु नायटा बहुधा खाजतो व त्याच्या कडेस खवले असतात, कोड दुधासारखें पांढरें असतें व त्यावर स्पर्श समजतो. कुष्ठाचा चट्टा केवळ फिकट किंवा तांबूस असतो आणि बहुधा बधिर असतो.

हा बधिरपणा पाहण्यास आपल्या जिल्ह्यांत पिकणारा चिमूटभर कापूस पुरे. त्याची बारीक वात करावी. ती मुलाच्या कातडीस हलकेच टेंकवावी, घांसूं नये. जेथें स्पर्श होईल तेथें त्यानें बोट ठेवावें. प्रथम त्याचे डोळे उघडे ठेवून हें समजावून द्यावें, मग डोळे मिटवून कधीं निरोगी जागीं, कधीं चट्ट्यावर वात टेंकवावी. निरोगी जागीं बोट अचूक पडलें, पण चट्ट्यावर तो वारंवार गप्प राहिला, तर त्यास त्वरित सरकारी दवाखान्यांत न्यावें. मात्र चेहऱ्यावर ही परीक्षा फसूं शकते, कारण तेथें ज्ञानतंतू विपुल असतात. शिवाय रोगाच्या कांहीं प्रकारांत चट्टा बधिर नसतो. म्हणून स्पर्श समजला तरी न जाणारा चट्टा वैद्यास दाखवावाच.

नॉर्वेतील हान्सेन ह्यांनीं १८७३ सालीं शोधलेला ह्या रोगाचा जंतु ज्ञानतंतूंत शिरतो. प्रथम कातडींतील बारीक तंतू बिघडतात, तो हा चट्टा. पुढें कोपरामागील मोठा तंतू सांपडला कीं करंगळी व अनामिका वाकतात. बधिर हातास तव्याचा चटका कळत नाहीं, बधिर पायास काटा कळत नाहीं. जखम चिघळते, हाड झिजतें. बोटें जंतु खात नाहीं. न कळलेल्या जखमाच तीं नेतात.

वऱ्हाडांतच, अमरावतीस, शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन उभारलें. त्या काळीं अशा रोग्यांस आश्रय हाच मोठा आधार होता. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. आतां तीं सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. पांचपर्यंत चट्टे असल्यास सामान्यतः सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने तीं घ्यावीं लागतात.

परंतु तीं औषधें जंतु मारतात. मेलेला तंतू जिवंत करीत नाहींत. तंतूची दुर्बलता सहा महिन्यांच्या आंतली असेल, तर निराळ्या औषधानें ती पुष्कळदां भरून येते, जुनी क्वचितच. आपला मुलगा चट्टा असतांनाच गेला, तर चट्ट्याची जागा कदाचित् थोडी बधिर राहील, पण हात शाबूत राहील. बोटें वाकून वर्षें लोटल्यावर गेला, तर त्याच गोळ्यांनीं रोग बरा होईल, आणि बोटें मात्र वाकडींच राहतील.