निर्मात्याचे सदस्यत्व पान

निर्मात्याचे सदस्यत्व पान म्हणजे चित्रफिती, लेखन, संगीत किंवा ध्वनिकार्यक्रम करणाऱ्या व्यक्तीला तिच्या चाहत्यांनी दरमहा ठरावीक रक्कम देता यावी, यासाठी एखाद्या मंचाने केलेली सोय होय. मराठी नियतकालिकांच्या वर्गणीशी तिचे साम्य आहे. मात्र वर्गणी बहुधा थेट प्रकाशकाकडे जमा होते, तर येथे रक्कम प्रथम मंचाकडे जाते आणि वजावटीनंतर निर्मात्याला मिळते. जॅक कॉन्टे व सॅम याम यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या पेट्रिऑनमुळे ही पद्धत रूढ झाली. यूट्यूबने २०१८ मध्ये वाहिन्यांसाठी सदस्यत्व सुरू केले. मराठी प्रेक्षकांना ते चित्रफितीखालील ‘जॉइन’ या बटणामुळे परिचित आहे.

मंचाचा वाटा

यूट्यूबवर सदस्याने भरलेल्या रकमेतून आधी कर आणि लागू असल्यास अ‍ॅप स्टोअरचे शुल्क वजा होते. उरलेल्या रकमेचा ७० टक्के भाग निर्मात्याला मिळतो. कार्ड वा बँकव्यवहाराचा खर्च यूट्यूब स्वतः सोसते.

उदाहरणादाखल, पुण्यातील धायरी येथून स्थानिक इतिहासावर चित्रफिती करणारी एक वाहिनी कल्पू. तिचे मासिक सदस्यत्व ५९ रुपये आहे. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ९ रुपये अंतर्भूत असल्याने मूळ रक्कम ५० रुपये ठरते. तिच्यातील १५ रुपये मंचाचे आणि ३५ रुपये वाहिनीचे. म्हणजे ‘७० टक्के’ हा वाटा सदस्याने भरलेल्या रकमेच्या हिशेबाने सुमारे ५९ टक्केच असतो.

पेट्रिऑनची रचना वेगळी आहे. ४ ऑगस्ट २०२५ नंतर सुरू झालेल्या पानांसाठी त्याचा वाटा १० टक्के असून व्यवहारशुल्क त्याशिवाय द्यावे लागते. व्यवहारशुल्कात टक्केवारीबरोबर एक स्थिर रक्कमही असते आणि ती लहान देणगीला जड जाते. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट समर्थकांकडून घेण्याचे जाहीर केले होते. त्यानुसार एक डॉलर देणाऱ्याला सुमारे १.३८ डॉलर, तर दहा डॉलर देणाऱ्याला १०.६४ डॉलर पडले असते. अनेक लहान समर्थकांनी देणे थांबवल्यावर काही दिवसांतच हा निर्णय मागे घेण्यात आला.

किमान देय रक्कम

जमा झालेली रक्कम लगेच बँकेत येत नाही. यूट्यूबची मिळकत अ‍ॅडसेन्स खात्यात साठते आणि ती १०० डॉलरपर्यंत पोहोचल्यावरच पाठवली जाते. वरील वाहिनीला ४० सदस्य असतील तर तिला महिन्याला १,४०० रुपये मिळतील. डॉलरचा दर ८५ रुपये धरल्यास १०० डॉलर म्हणजे ८,५०० रुपये. सहा महिन्यांची मिळकत ८,४०० रुपये होत असल्याने मर्यादा सातव्या महिन्यात ओलांडली जाईल. महिन्याचा हिशेब पुढील महिन्यात पक्का होऊन २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे पाठवले जातात. त्यामुळे पहिली रक्कम आठव्या महिन्यात हाती येईल. जाहिरातींचे उत्पन्न त्याच खात्यात जमा होत असल्यास हा काळ कमी होतो.

पातळ्या व लाभ

निर्माता वेगवेगळ्या किमतींच्या पातळ्या ठरवतो. यूट्यूबवर वरच्या पातळीच्या सदस्याला खालच्या पातळीचे लाभही आपोआप मिळतात. त्यामुळे पहिल्या पातळीवर दिलेले वचन वरच्या सर्व सदस्यांसाठीही पाळावे लागते.

लाभ ठरवताना त्याचा खर्च सदस्यसंख्येबरोबर वाढतो का, हे महत्त्वाचे ठरते. सदस्यांसाठीची खास चित्रफीत एकदाच करावी लागते. सदस्य ४० असोत वा ४००, श्रम जवळपास तेवढेच. याउलट दरमहा टपालाने छापील टिपण पाठवायचे ठरवले आणि छपाई व टपाल मिळून प्रत्येकी २५ रुपये लागले, तर ३५ रुपयांतून १० रुपयेच उरतात. असा लाभ वरच्या पातळीवर आणि मर्यादित संख्येसाठी ठेवणे व्यवहार्य असते. सोडतीसारखे नशिबावर अवलंबून असणारे लाभ व प्रत्यक्ष वैयक्तिक भेटी यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत.

भारतातील हप्त्यांचे नियम

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती हप्त्यासाठी ग्राहकाची पूर्वनोंदणी आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना आवश्यक झाली. ही व्यवस्था नसलेल्या कार्डांवरील किंवा मंचांवरील हप्ते नाकारले जाऊ लागले. अशा वेळी सदस्याने स्वतःहून सदस्यत्व सोडलेले नसते, तरीही सदस्यसंख्या घटते. म्हणून घट दिसल्यास रद्द झालेली आणि हप्ता फसल्याने संपलेली सदस्यत्वे वेगळी पाहावी लागतात. पहिल्या प्रकारात लाभांचा फेरविचार करावा लागतो. दुसऱ्यात सदस्याने देयक पद्धत बदलून पुन्हा नोंदणी करणे पुरेसे असते.