साखरेचा हिशेब : तेलातुपाचं जेवण आणि मध्यरात्रीची शुगर

मागच्या आठवड्यात आपण भात आणि पोह्यांची साखर पाहिली. ती लवकर चढते, तास-दीड तासात शिखर गाठते आणि दोन तासांच्या पीपी तपासणीत बहुतेक वेळा सापडते. आज त्या तपासणीला चकवणारं जेवण घेऊ. सुरतेत त्यासाठी फार शोधावं लागत नाही. लोच्यावर लोणी आणि शेव, पिझ्झ्यावर चीजचा थर, चांदनी पडव्याच्या रात्री तुपात बुडवलेली घारी आणि सोबत भुसूं. (ही घारी तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी प्रथम केली, असं सुरतेत सांगतात. खरंखोटं इतिहासकार जाणोत.) मी मात्र उधना-लिंबायतच्या खानदेशी घरांमधली शेवभाजी घेणार आहे, कारण तिच्यातलं तेल डोळ्यांना दिसतं आणि मोजताही येतं.

एका माणसाचं ताट बघू. तिखट शेव ५० ग्रॅम, म्हणजे साधारण १८ ग्रॅम तेल शेवेतच मुरलेलं. वर लाल तर्री, तिच्यात दोन मोठे चमचे तेल, म्हणजे आणखी २७ ग्रॅम. वाटणातलं सुकं खोबरं धरलं तर चरबी ५० ग्रॅमच्या आसपास जाते. कर्बोदकं तेवढी भयंकर नाहीत. एक मोठी ज्वारीची भाकरी आणि शेवेतलं बेसन मिळून सुमारे ६५ ग्रॅम. एकूण कॅलरी साडेसातशेच्या घरात.

आता समजा, हे जेवण टाइप १ मधुमेह असलेल्या एका तरुणानं रात्री साडेआठला केलं. त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाण १० ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट, म्हणून त्यानं जेवणाआधी झटपट काम करणारं साडेसहा युनिट इन्सुलिन घेतलं. दंडावर सेन्सर आहे. जेवायला बसताना १२५, साडेनऊला ११०, साडेदहाला ९५. दोन तासांचा आकडा बघून तो खुश होऊन झोपतो. मध्यरात्री १५०, दोन वाजता २१०, पहाटे पाचला २३०. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण आलेखाचा आकार अगदी नेहमीचा आहे. सुरुवातीला खाली झुकणारा आणि मग तासन्‌तास सावकाश चढणारा.

पहिलं कारण जठरात आहे. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचं वळं असतं, ते अन्न थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडतं. आतड्याला चरबी लागली की तिथून कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं निघतात आणि ‘जरा दमानं’ असा निरोप जठराला जातो. जठरातून मिनिटाला साधारण दोन-तीन कॅलरींचाच माल पुढे सरकतो. साडेसातशे कॅलरींना या वेगानं चार ते सहा तास लागतात. त्यामुळे भाकरीचं ग्लुकोज हप्त्याहप्त्यानं रक्तात येतं. इकडे इंजेक्शनचा जोर पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत तो सरतो. आधी औषध जास्त नि साखर कमी, नंतर साखर येत राहते आणि औषध संपलेलं. साडेदहाचा ९५ हा आकडा त्या पहिल्या भागातला.

बहुतेक जण इथेच थांबतात : साखर उशिरा येते, बस्स. पण तेवढंच असतं तर इन्सुलिन उशिरा घेतलं की काम भागलं असतं, एकूण मात्रा वाढवावी लागली नसती. बोस्टनच्या जोसलिन डायबेटिस सेंटरमधल्या हॉवर्ड वोलपर्ट आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप १ च्या सात जणांना दोन प्रकारची रात्रीची जेवणं दिली. कर्बोदकं आणि प्रथिनं दोन्हींत सारखी, चरबी मात्र एकात १० ग्रॅम आणि दुसऱ्यात ६० ग्रॅम. इन्सुलिन किती सोडायचं ते साखर बघून यंत्र ठरवत होतं. कमी चरबीच्या जेवणाला सरासरी ९ युनिट लागले, जास्त चरबीच्या जेवणाला १२.६. एवढं देऊनही साखर जास्तच राहिली. माणसं सातच, पण चरबीमुळे शरीराची इन्सुलिनची गरजच वाढते हे त्यातून स्वच्छ दिसतं.

ती कशी वाढते? पचलेली चरबी आतड्यातून लसिकावाहिन्यांच्या वाटेनं रक्तात उतरते आणि जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्तात तिचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. तिच्यातली काही मेदाम्लं मोकळी फिरत राहतात. ती स्नायूंच्या पेशींत शिरली की इन्सुलिनचा निरोप तिथे नीट पोहोचत नाही आणि स्नायू ग्लुकोज कमी उचलतात. यकृताचंही तसंच. रात्री इन्सुलिननं त्याला साखर सोडण्यापासून आवरायचं असतं, पण मेदाम्लांच्या गर्दीत तो धाक कमी पडतो. म्हणजे पहाटेच्या २३० मध्ये भाकरीची उशिरा आलेली साखर आहे, स्नायूंनी न उचललेली आहे आणि यकृतानं स्वतःच सोडलेलीही आहे.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड लागेल तसं इन्सुलिन वाढवतं आणि आलेख फारसा हलत नाही. टाइप २ मध्ये ही क्षमता अपुरी असते, म्हणून गोळ्या घेणाऱ्यांनाही हा प्रकार कमीअधिक दिसतो. भातावर तूप घेतलं की साखर वाढत नाही, असं हौसेनं सांगणारे भेटतात. दोन तासांपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर असतं. पुढचे चार तास त्यांनी पाहिलेले नसतात.

सकाळची फास्टिंग जास्त आली की सगळा दोष पहाटेच्या संप्रेरकांवर टाकायची सवय आहे. पहाटे साखर आपोआप चढते हे खरंच, पण ती चढण तीन-चारच्या सुमारास सुरू होते. शेवभाजीची चढण मध्यरात्रीच्या आसपासच लागते. फरक ओळखायला दोन रात्री पुरतात. एका रात्री भाकरी आणि पातळ वरण, दुसऱ्या रात्री तेवढीच भाकरी आणि शेवभाजी, जेवणाची वेळ तीच. दोन, चार आणि सहा तासांनी आणि सकाळी उठल्यावर साखर बघायची. दोन्ही सकाळी आकडा सारखाच चढलेला असेल तर दोष तर्रीचा नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी डॉक्टर अशा जेवणाची मात्रा विभागून देतात, थोडी आधी आणि थोडी नंतर. पंप असेल तर दुसरा भाग काही तासांत पसरून सोडता येतो. वोलपर्टांच्या सात जणांतही जादा गरज प्रत्येकाची वेगळी होती, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. पूर्ण जादा मात्रा सुरुवातीलाच टोचणं तर धोक्याचं, कारण पहिल्या दोन तासांत साखर आधीच खाली झुकत असते.

ती ७० च्या खाली गेली तर हाताशी असलेला पेढा किंवा घारीचा तुकडा तोंडात टाकू नका. त्यातलं मावा-तूप जठराला आणखी थांबवतं आणि गोड आत असूनही रक्तात पोहोचत नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज पावडर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि अजून खालीच असेल तर तेवढीच परत घ्यायची. जड जेवणानंतर ही दुसरी खेप लागण्याचा संभव जास्त असतो, कारण साखरेचं पाणीही त्याच भरलेल्या जठरातून पुढे जायचं असतं.