ठेक्यावर उतरणारे बारा किल्ले

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2025मध्ये आलेल्या बारा मराठा किल्ल्यांचा छोटा व्हिडिओ करायचा आहे, असं समजा. लिहिण्याआधी संगीत ठरवावं, कारण प्रत्येक ओळीला किती वेळ मिळणार हे तेच सांगतं. मिनिटाला 120 ठोके असतील, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा.

पहिल्या चार किल्ल्यांना आठ-आठ ठोके, म्हणजे चार सेकंद द्यावेत. तेवढ्यात ‘शिवनेरी: जुन्नरजवळचा किल्ला, शिवाजी महाराजांचं जन्मस्थान’ सहज बोलून होतं. पुढच्या चारांना चार ठोके, तिथे नाव आणि एखादाच शब्द: ‘सिंधुदुर्ग, मालवण’. शेवटच्या चारांना दोनच ठोके, फक्त नाव. संगीत तेच राहतं, तरी वेग दुप्पट होत जातो. एकूण 28 सेकंद. जिंजी मात्र शेवटी ठेवून थोडा वेळ पडद्यावर राहू द्यावा. तामिळनाडूतलं ते एकच नाव वाचायला सवड हवी.

हमखास चूक होते अक्षरं आणताना. ती हळूहळू उमटणार असतील, तर सुरुवात ठोक्याच्या आधी करावी आणि ठोक्यावर नाव पूर्ण दिसावं. ठोक्यावर सुरुवात केली, की नाव मागे पडल्यासारखं वाटतं. आवाज बंद करून पाहिलं तर हे कळत नाही, टाळी वाजवत पाहिलं की लगेच जाणवतं.