प्रश्नांची वही

माझी कादंबरी १९७२च्या दुष्काळातली आहे. चौदाव्या प्रकरणात पाझर तलावाच्या कामावर तपासणीला साहेब येतात. शेवंताच्या नवऱ्याचं नाव हजेरीपटावर आहे आणि तो माणूस मात्र गावातच नाही, हे उघडं पडतं. ते ऐकून मुकादम दचकतो, असं मी लिहिलं. रात्री वही चाळली, तर प्रश्न २३ खाली माझ्याच अक्षरात होतं : ‘मुकादमाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दर आठवड्याला तो त्यातला वाटा घेतो.’ हे उत्तर लिहून सहा महिने झाले होते आणि ते मी साफ विसरले होते. वही नसती, तर ही चूक छापली गेली असती.

या वहीबद्दलच सांगायचं आहे. लांबलचक लिखाण चालू असताना लिहिणाऱ्याने स्वतःला प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं तारखेसह लिहून ठेवायची, एवढंच तिचं काम. ही रोजनिशी नव्हे आणि कच्चा खर्डाही नव्हे. जॉन स्टाइनबेक यांनी ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहिताना मोठ्या वहीच्या डाव्या पानावर आपले संपादक पास्कल कोविसी यांना रोज पत्र लिहिलं आणि उजव्या पानावर कादंबरी. २९ जानेवारी १९५१ला सुरू झालेला हा क्रम १ नोव्हेंबरपर्यंत चालला. पुढे काय येणार, कुठला प्रसंग जड जातोय, याचा हिशेब त्या पत्रांत आहे. स्टाइनबेक यांच्या मृत्यूनंतर, १९६९मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. त्याआधी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहितानाही त्यांनी अशीच नोंदवही ठेवली होती. रहस्यकथा लिहिणाऱ्या स्यू ग्राफ्टन तर प्रत्येक कादंबरीसाठी वेगळी नोंदवही ठेवत आणि तिच्यात स्वतःशीच बोलत कथानक पुढे नेत.

माझी वही दोनशे पानी, लांब, रेघांची आहे. पानांना आधी क्रमांक घातले. उजव्या पानावर प्रश्न, त्याचा क्रमांक, तारीख आणि त्या दिवशी सुचलेलं उत्तर. डावं पान कोरं ठेवायचं. उत्तर पुढे बदललं, की ते नव्या तारखेने तिथे लिहायचं. जुनं खोडायचं नाही. उत्तर कादंबरीत उतरलं, की हस्तलिखिताच्या समासात ‘प्र. २३’ एवढी खूण करायची. वहीच्या शेवटच्या पानांवर पात्रांची नावं आणि त्यांच्यापुढे प्रश्नांचे क्रमांक. संगणकावर लिहिणाऱ्यांनी एकच फाइल करावी आणि ती तारखेप्रमाणे वाढू द्यावी. दहा फाइली केल्या, की शोधाशोधीतच वेळ जातो.

पण प्रश्न कसा असावा? लेखनाच्या कार्यशाळांत तयार प्रश्नांच्या याद्या मिळतात : पात्राचा आवडता रंग, त्याला वाटणारी भीती, त्याच्या खिशात काय आहे. मीही अशा याद्या भरल्या. शेवंताचा आवडता रंग हिरवा, असं लिहून ठेवलं आणि त्याचा कुठेही उपयोग झाला नाही. खिशाचा प्रश्न मात्र मी तिच्या अंगावरच्या लुगड्याप्रमाणे बदलून घेतला : शेवंताच्या कनवटीला काय आहे? उत्तर आलं, नवऱ्याचं मुंबईहून आलेलं एकुलतं एक पोस्टकार्ड. तिला वाचता येत नाही आणि ते वाचून दाखव असं तिने कुणाला सांगितलेलंही नाही. या एका उत्तराने मला दोन प्रकरणं दिली. ज्याच्या उत्तरात कुणी काहीतरी करतं किंवा करायचं टाळतं, तो प्रश्न वहीत ठेवण्याजोगा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. पहिलं उत्तर बहुतेक वेळा शिळं असतं, कारण ते आपण कुठेतरी आधी वाचलेलं असतं. प्रश्न १७ होता : ‘शेवंता गावात नसलेल्या नवऱ्याचं नाव हजेरीपटावर का लावते?’ पहिलं उत्तर, पैशासाठी. ते खोटं नव्हतं, पण त्यातून पुढे काही निघेना. दुसरं उत्तर, सासूला बरं वाटावं म्हणून. तेही लंगडं पडलं. चार दिवसांनी डाव्या पानावर लिहिलं : ‘रोज सकाळी त्याचं नाव पुकारलं जातं, तोवर तो गावात आहे. नाव कमी झालं, की ती टाकलेली बाई ठरेल.’ तिथे शेवंता मला पहिल्यांदा समजली.

आणि खरं उत्तर आलं, की ते आपल्यामागे नवे प्रश्न घेऊन येतं. नाव पुकारल्यावर ‘हजर’ कोण म्हणतं? तिचा नऊ वर्षांचा मुलगा, गर्दीच्या मागून, आवाज जाड करून. पगाराच्या दिवशी अंगठा कोण लावतं? इथे मी दोन दिवस थांबले. अंगठाही मुलाचाच. खडी फोडणाऱ्या माणसांच्या रुंद, पसरट ठशांच्या रांगेत एक इवलासा ठसा. तपासणीला आलेल्या साहेबांची नजर त्या ठशावरच अडते. चौदाव्या प्रकरणाचा गाभा हाच प्रसंग आहे. तो आधी ठरवलेला नव्हता, प्रश्न १७ पासून पायरी-पायरीने उतरत मी तिथे पोचले.

मुकादमाच्या दचकण्याचं काय केलं, तेही सांगते. सोपा उपाय होता, ते वाक्य काढून टाकायचं. त्याऐवजी वहीत नवा प्रश्न घातला : ‘मुकादमाला माहीत आहे, तरी तो का दचकतो?’ उत्तर : शेजारी साहेब उभे आहेत म्हणून. तो दचकल्याचं सोंग करतो आणि शेवंता ते ओळखते. वाक्य होतं तसंच राहिलं, त्याचा अर्थ बदलला. जुनं उत्तर न खोडण्याचा फायदा हा असा होतो.

या वहीत एक धोका आहे आणि मी त्यात सापडले होते. उत्तरं लिहिताना कादंबरी लिहिल्याचं समाधान मिळतं. मागच्या पावसाळ्यात माझी वही तीन आठवड्यांत चाळीस पानं पुढे गेली आणि हस्तलिखित त्याच पानावर राहिलं. तारखा टाकलेल्या असल्यामुळे हे लक्षात तरी आलं. आता लिहायला बसण्याआधीची पंधरा मिनिटं वहीची, त्यापुढे ती मिटलेली. उत्तर सहा-सात ओळींच्या पुढे जाऊन त्यात संवाद येऊ लागले, तर तो कादंबरीचाच मजकूर आहे, असं समजून तिथल्या तिथे हस्तलिखिताकडे वळायचं.

वहीला सगळं जमतं, असंही नाही. वाक्याची लय, बोलीतला शब्द, प्रकरण कुठे थांबवायचं, हे प्रश्न मी तिला विचारून पाहिले. ते लिहितानाच सुटतात. त्या काळात दुष्काळी कामांवर काय चालायचं, सुकडी कशी वाटायचे, मिलोची भाकरी कशी लागायची, ही माहितीही स्वतःला विचारून मिळत नाही. अशा प्रश्नांपुढे मी ‘विचारायचं’ एवढंच लिहिते आणि ज्यांनी तो काळ काढला, त्यांच्याकडे जाते.

आज वहीत ९६ प्रश्न आहेत. शेवटचा रविवारी लिहिला : नवरा परत आला आणि पुकारा झाला, तर ‘हजर’ कोण म्हणेल? त्याच्या समोरचं पान अजून कोरं आहे.