आकडा कोणत्या तारखेचा?
कर्जाचे कागद : भाग ७

मागच्या भागात आपण हप्त्यांचा तक्ता वाचला. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो आणि मिठबावकडच्या बागायतदारांना तो एप्रिल-मेमध्ये हमखास पडतो. वाशीहून आंब्याच्या पेट्यांची पट्टी आली, हातात दोन-सव्वादोन लाख रुपये आहेत, तर चालू असलेलं वैयक्तिक कर्ज एकदाचं फेडून टाकावं का? फेडावं की नाही, हे ठरवण्याआधी कर्ज देणाऱ्याकडून एक कागद मागवायचा असतो. बँकेत त्याला ‘फोरक्लोजर स्टेटमेंट’ म्हणतात. कर्ज मुदतीआधी बंद करायचं तर अमुक तारखेला नेमके किती रुपये भरायचे, याचा तो फोड केलेला हिशेब असतो.

हा कागद मागायचा कशाला, आकडा तर मोबाइलवर दिसतोच, असं अनेकांना वाटतं. तिथेच घोटाळा होतो. समजा, मिठबावातल्या एका बागायतदाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका वित्तसंस्थेकडून ४ लाख रुपये घेतले. दर १४ टक्के, स्थिर. मुदत ४८ महिने, हप्ता १०,९३१ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. ५ एप्रिल २०२६ ला त्याचा २६ वा हप्ता गेला. ॲपमध्ये शिल्लक मुद्दल दिसते २,११,०१४ रुपये. त्याला कर्ज बंद करायचंय २० एप्रिलला.

५ ते २० एप्रिल या १५ दिवसांचं व्याज त्या शिलकेत नाही. या मुदलावर रोजचं व्याज साधारण ८१ रुपये होतं, म्हणजे १५ दिवसांचे १,२१४. करारात मुदतपूर्व बंद करण्याचा आकार शिल्लक मुदलाच्या ४ टक्के असेल, तर ते ८,४४१ रुपये झाले. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, १,५१९ रुपये. सगळं मिळून २,२२,१८८. ॲपमधल्या आकड्यापेक्षा हे ११,१७४ रुपयांनी जास्त आहे. नुसते २,११,०१४ भरले तर कर्ज बंद होत नाही. ती रक्कम अंशतः परतफेड म्हणून किंवा नुसतीच आगाऊ जमा म्हणून पडून राहते आणि ५ मेला खात्यातून हप्ता पुन्हा कापला जाऊ शकतो.

आता फेडावं का, याचं उत्तर याच कागदातून मिळतं. उरलेले २२ हप्ते चालू ठेवले तर पुढे २९,४५९ रुपये व्याज जाणार आहे. आज बंद केलं तर ११,१७४ जातील. म्हणजे १८ हजारांवर रक्कम वाचते. सौदा चांगला आहे. पण हाच माणूस ४० हप्ते भरून झाल्यावर जागा झाला असता, तर उरलेलं व्याज ४,४१९ रुपये आणि नुसता आकार जीएसटीसह ३,९१९. तेव्हा पैसे हाताशी ठेवून हप्ते चालू द्यावेत, असं मी सांगेन. औषधफवारणीला आणि खताला रोकड लागतेच.

कागद मागायचा लेखी. कणकवलीच्या शाखेत जाऊन तोंडी विचारलेला आकडा उपयोगाचा नाही. नोंदणीकृत ईमेलवरून पाठवा किंवा शाखेत अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्या. मजकूर एवढा पुरे: “माझं कर्ज खाते क्रमांक अमुक. हे कर्ज २० एप्रिल २०२६ रोजी पूर्ण बंद करायचं आहे. त्या तारखेचं शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, मुदतपूर्व बंद करण्याचा आकार, त्यावरील जीएसटी आणि इतर कोणतीही येणी वेगवेगळी दाखवून फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावं. आकडा कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, एक दिवस पुढे गेल्यास रोज किती वाढेल आणि रक्कम कोणत्या खात्यात भरायची, हेही लिहावं.” अर्ज मराठीत दिला तरी चालतो. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेने वित्तसंस्थांना सांगितलेलं आहे.

कर्जाचा काही भागच फेडायचा असेल तर मागणी वेगळी करावी लागते. समजा एक लाख भरले, तर नंतर हप्ता कमी होणार की मुदत कमी होणार, आणि आकार किती, हे लिहून घ्यावं. मुदत कमी झालेली बरी. व्याज त्यात जास्त वाचतं.

स्टेटमेंट हातात आलं की आधी व्याजाची ओळ बघा. १,२१४ च्या जागी २,४६२ दिसले तर तुमच्याकडून अख्ख्या महिन्याचं व्याज घेतलं जातंय. महिन्याच्या मध्ये कर्ज फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज आकारण्याची प्रथा रिझर्व्ह बँकेला तपासणीत आढळली होती आणि २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने त्यावर बोट ठेवलं. कर्ज जितके दिवस अंगावर, तितक्याच दिवसांचं व्याज. तक्रार करताना या परिपत्रकाची तारीख लिहा.

नंतर आकाराची ओळ. टक्केवारी करारनाम्याशी ताडून पाहा आणि ती शिल्लक मुदलावर लावली आहे की मूळ ४ लाखांवर, हेही तपासा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आपल्या उदाहरणातलं कर्ज त्याआधीचं, म्हणून इथे मंजुरीपत्र आणि करारनामाच बघावा लागेल.

१ जानेवारी २०२६ पासून मुदतपूर्व परतफेडीवर आकार नाही, असं सध्या बरेच जण एकमेकांना सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्या तारखेपासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, व्यक्तीने व्यवसायाखेरीज कारणासाठी घेतलेल्या आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जांना ती सूट आहे. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं. तिथे आकार संस्थेच्या धोरणाप्रमाणे लागतो.

भरणा करताना तारीख सांभाळा. २० ची मुदत असताना पैसे २१ ला पोचले तर ८१ रुपये कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खातं उघडं राहू शकतं. हप्त्याच्या तोंडावर बंद करायला जाऊ नका, कारण कापणीचा आदेश आधीच बँकेकडे गेलेला असतो. पैसे वसुली प्रतिनिधीच्या खात्यात नव्हे, स्टेटमेंटमध्ये लिहिलेल्या खात्यातच टाका. मग कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि ना-देय दाखला मागा, हप्त्याचा आदेश रद्द करून घ्या. कर्जासोबत विमा गळ्यात घातला असेल तर उरलेल्या मुदतीच्या हप्त्याचा परतावा मिळतो का, ते पॉलिसीत बघून लेखी विचारा. महिन्याभराने क्रेडिट अहवालात खातं ‘बंद’ दिसतंय ना, तेही पाहावं.

स्टेटमेंट द्यायला टाळाटाळ झाली तर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतपेढीचं कर्ज असेल तर मात्र हा रस्ता नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात. तिथे आकडा उपविधींप्रमाणे ठरतो आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जाते. सिंधुदुर्गात पगारदारांची कितीतरी कर्जं पतपेढ्यांचीच आहेत, त्यामुळे पुढचा भाग त्यांच्या हिशेबावर.